स्वतःचा आयपी ब्लॉक घ्यायचाय? आधी हिशोब, मग अर्ज, आणि अनाउन्समेंट सगळ्यात शेवटी

छोटे केबलवाले, गावाकडचे इंटरनेट प्रोव्हायडर, एखादी होस्टिंग कंपनी, सगळ्यांची सुरुवात एकाच वाक्यानं होते, "आयपी विकत घ्यायचेत, कुठे मिळतील?" आणि इथूनच गाडी चुकीच्या रुळावर जाते, कारण रजिस्ट्रीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून, आयपी विकत मिळत नाहीत, वापरायचा हक्क मिळतो, आणि तोही तुम्ही गरज दाखवली तर. मग लोक घाईत अर्ज टाकतात, तो परत येतो, पुन्हा टाकतात, एकदाचा ब्लॉक मिळाला की त्याच रात्री राउटरवर चढवतात आणि सकाळी अर्ध्या गावात अर्ध्या साइट उघडत नाहीत. हे इतक्या वेळा बघितलंय की म्हटलं एकदा सगळं क्रमानं लिहून टाकावं.

इथे जे आहे ते भारतातल्या छोट्या प्रोव्हायडरच्या बाजूनं आहे, म्हणजे आशिया-पॅसिफिकची रजिस्ट्री एपनिक आणि तिच्या हाताखालची आपली भारताची आयरिन. युरोप, अमेरिकेच्या रजिस्ट्र्यांचे नियम वेगळे आहेत, तिकडचे व्हिडिओ बघून इकडे अर्ज भरू नका.

## आधी एवढं समजून घ्या: पत्ते संपले म्हणजे नेमकं काय झालं

जुना आयपी पत्ता, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटांचा. त्यातून एकूण साधारण ४२९ कोटी पत्ते होतात, त्याहून जास्त नाहीत. त्यातले बरेच आधीच बाजूला काढलेले आहेत. 127 ने सुरू होणारा अख्खा ब्लॉक, म्हणजे १ कोटी ६७ लाख पत्ते, फक्त मशीननं स्वतःशी बोलण्यासाठी. 10 ने सुरू होणारा तेवढाच ब्लॉक घरगुती, ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी. 224 पासून वरचे सगळे मल्टिकास्ट आणि राखीव. हे वजा केलं की जगाला वाटायला साधारण ३७० कोटी उरतात.

हे ३७० कोटी पण नीट वाटले गेले नाहीत. सुरुवातीला तीनच मापं होती, एक १ कोटी ६७ लाखांचं, एक ६५,५३६ चं आणि एक २५६ चं. म्हणजे तुम्हाला ३०० पत्ते हवे असतील तर २५६ चं माप लहान पडायचं, मग थेट ६५,५३६ दिले जायचे आणि उरलेले ६५ हजार नुसते पडून. किराणा दुकानात पाव किलोनंतर थेट पोतंच मिळावं तसं. १९९३ नंतर हवं त्या मापाचे ब्लॉक कापता येऊ लागले, पण तोवर मोठमोठी पोती वाटून झालेली होती, आणि तेव्हाच्या काही कंपन्या आणि सरकारी खाती आजही त्यावर बसलेली आहेत. अॅपलकडे 17 ने सुरू होणारा अख्खा ब्लॉक आहे, बघा कधीतरी.

मग घरोघरी ब्रॉडबँड आलं, मोबाइलवर नेट आलं, आणि ३ फेब्रुवारी २०११ ला सगळ्यात वरच्या गोदामातले, म्हणजे आयानाकडचे, शेवटचे पाच मोठे ब्लॉक पाच विभागीय रजिस्ट्र्यांना एकेक देऊन टाकले. आशिया-पॅसिफिकसाठी एपनिकला 103 ने सुरू होणारा ब्लॉक आला. त्यानंतर अडीच महिन्यांत, एप्रिल २०११ मध्ये, एपनिकचा बाकी साठा संपला आणि हा शेवटचा ब्लॉक रेशनवर गेला. सुरुवातीला प्रत्येक सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, आणि २०१९ पासून ते निम्मे करून ५१२.

म्हणजे "संपले" याचा अर्थ नवीन माणसाला काहीच मिळत नाही असा नाही. नवीन सभासदाला ५१२ पर्यंत मिळतात, गरज दाखवली तर, आणि ते घेऊन झाले की या साठ्यातून परत मिळत नाहीत. हे वाक्य दोनदा वाचा, कारण पुढचा सगळा हिशोब याच्यावर उभा आहे.

मापाची भाषा पण एकदाच सांगतो. /24 म्हणजे २५६ पत्ते, /23 म्हणजे ५१२, /22 म्हणजे १,०२४. आकडा एकनं वाढला की ब्लॉक निम्मा होतो. नवीन पोरं इथे हमखास उलटं धरतात, /24 ला /23 पेक्षा मोठं समजतात.

## पायरी १: कोणाकडून घ्यायचं ते ठरवा

वाटपाची साखळी अशी आहे. वर आयाना, तिच्याखाली पाच विभागीय रजिस्ट्र्या, एपनिक त्यातली एक. एपनिकच्या हाताखाली काही देशांच्या स्वतःच्या रजिस्ट्र्या आहेत, जपान, चीन, कोरिया, व्हिएतनाम वगैरे, आणि भारताची आयरिन, जी निक्सीचा, म्हणजे देशातली इंटरनेट एक्सचेंज चालवणाऱ्या संस्थेचा, भाग आहे. त्यांच्याखाली प्रोव्हायडर आणि प्रोव्हायडरच्या खाली गिऱ्हाईक. भारतातली कंपनी आयरिनकडे जाऊ शकते किंवा थेट एपनिककडे. ५१२ ची मर्यादा दोन्हीकडे तीच, दोन्हीकडून मिळून दुप्पट होत नाही. फी, कागदपत्रं आणि बिलाचं चलन यात फरक पडतो, ते दोघांच्या साइटवर त्या दिवशीचं बघून घ्या, दुसऱ्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यावर जाऊ नका.

पण त्याच्याही आधी स्वतःला एक प्रश्न विचारा, तुम्हाला स्वतःचा ब्लॉक खरंच लागतोय का?

तुमच्या वरच्या प्रोव्हायडरकडून, म्हणजे अपस्ट्रीमकडून, तुम्हाला पत्ते मिळू शकतात. हे भाड्याच्या घरासारखं असतं, अपस्ट्रीम बदलला की पत्ते परत द्यायचे आणि गिऱ्हाइकांचे सगळे स्टॅटिक आयपी बदलायचे. रजिस्ट्रीकडून घेतलेले पत्ते तुमच्याबरोबर येतात, आज या अपस्ट्रीमवर, उद्या त्या. एकच लाइन असलेली, चार सर्व्हर चालवणारी कंपनी असेल तर भाड्याचं घर पुरेसं आहे, उगाच सभासदत्वाची वार्षिक फी, राउटर, त्याला सांभाळणारा माणूस हा खर्च कशाला? पण दोन लाइनी घेऊन चालणारा प्रोव्हायडर असाल, स्टॅटिक आयपीची गिऱ्हाइकं असतील, तर स्वतःचा ब्लॉक घ्याच, कारण पन्नास ऑफिसात फोन करून "तुमचा आयपी बदलतोय" सांगणं काय असतं ते मी केलंय.

तपासा: तुमच्या कंपनीच्या नावावर, किंवा तुम्ही जी कंपनी विकत घेतली तिच्या नावावर, आधीच कुठला ब्लॉक आहे का? असला तर तो मर्यादेत धरला जाऊ शकतो. पुष्कळांना हे अर्ज परत आल्यावर कळतं.

## पायरी २: पत्त्यांचा हिशोब कागदावर मांडा

अर्ज परत येण्याचं एक नंबरचं कारण हेच. लोक लिहितात, "आमच्याकडे ६,००० ग्राहक आहेत म्हणून ५१२ आयपी द्या." याच्यात हिशोब कुठे आहे? ६,००० ला ५१२ पुरणार कसे, आणि पुरणार असतील तर २५६ का नाही पुरणार, हे समोरच्याला कळलं पाहिजे.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा तालुक्याच्या गावचा प्रोव्हायडर आहे, आज ६,००० घरगुती कनेक्शनं, वर्षभरात ९,००० व्हायचा अंदाज. शिवाय २८ दुकानं आणि दवाखान्यांना एकेक स्टॅटिक आयपी, आणि १२ कंपन्यांना आठ-आठचा छोटा ब्लॉक.

घरगुती कनेक्शनला प्रत्येकी एक पत्ता देणं आता विसरा. ६,००० साठी ८,१९२ चा ब्लॉक लागेल, तो रजिस्ट्रीकडून मिळणारच नाही. म्हणून सीजीनॅट, म्हणजे एका पब्लिक पत्त्यामागे अनेक घरं. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात, सुरुवातीचे १,०२४ सोडले तर ६४,५१२ उरतात. ६४ घरांत वाटले तर प्रत्येक घराला बरोबर १,००८ पोर्ट. आजच्या घरात दोन टीव्ही, चार फोन आणि एक कॅमेरा असतो त्याला १,००८ जरा काठावर आहेत पण चालतात, याहून ताणून १२८ घरं एका पत्त्यावर घातली तर गेमवाले आणि व्हिडिओ कॉलवाले तुम्हाला जगू देणार नाहीत.

तर ६,००० ला ६४ नं भागलं की ९४ पत्ते, ९,००० ला १४१. त्यात स्टॅटिकवाले २८. कंपन्यांचे १२ गुणिले ८ म्हणजे ९६. स्वतःचे राउटर, डीएनएस, मेल, मॉनिटरिंग मिळून ३२ धरा. आजची बेरीज २५०, वर्षअखेरची २९७. २५६ चा ब्लॉक आज जेमतेम भरतोय आणि वर्षाच्या आत ओसंडतोय, म्हणून ५१२ हवेत. आता ही झाली गरज दाखवणं. आज जवळपास निम्मा ब्लॉक कामाला लागतोय आणि वर्षात निम्म्याच्या वर जातोय हे कुणालाही वाचून कळेल.

याच्यानंतर बेरजेवर न थांबता ब्लॉक कापून दाखवा, कारण पत्ते सुटे वाटता येत नाहीत, ८, १६, ३२, ६४ अशाच मापात कापावे लागतात. खाली टेस्टिंगसाठी राखीव असलेली रेंज वापरलीय, तुमची वेगळी असेल:

```
198.18.0.0/25     सीजीनॅट पूल (128)
198.18.0.128/27   सीजीनॅट पूल, वाढीव (32)
198.18.0.160/27   स्टॅटिक आयपी (32)
198.18.0.192/27   राउटर, सर्व्हर (32)
198.18.0.224/27   राखीव
198.18.1.0/26     कंपन्या, 8 x /29
198.18.1.64/27    कंपन्या, 4 x /29
198.18.1.96/27    राखीव
198.18.1.128/25   राखीव
```

बघा, १४१ पत्त्यांसाठी १२८ चा तुकडा पुरत नाही म्हणून पुढचा ३२ चा लगेच शेजारी ठेवलाय. राखीव तुकडे मुद्दाम प्रत्येक /24 च्या शेवटी ठेवलेत म्हणजे पुढे वाढताना मधे भोकं पडत नाहीत. मेल सर्व्हर कधीच सीजीनॅटच्या तुकड्यात ठेवू नका, तिथल्या एखाद्या घरातल्या पीसीतून स्पॅम गेला की अख्खा तुकडा काळ्या यादीत जातो आणि तुमचे मेल पण त्याच्याबरोबर.

सावधान: सीजीनॅट लावताना लॉग ठेवायची सोय आधी करा. कुठल्या वेळी, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टच्या मागे कोण होतं, हे आपल्याकडे लायसन्सच्या अटींत येतं. पोलिसांचं पत्र आल्यावर "त्या पत्त्यामागे ६४ घरं आहेत साहेब" हे उत्तर चालत नाही. प्रत्येक घराला पोर्टची ठरलेली पट्टी दिली तर लॉग खूप कमी होतो, म्हणून वर १,००८ चा ठरलेला हिशोब मांडलाय.

## पायरी ३: एएस नंबर आणि दोन अपस्ट्रीम

ब्लॉक स्वतः जगाला सांगायचा, म्हणजे अनाउन्स करायचा, तर स्वतःचा एएस नंबर लागतो. हा नंबर म्हणजे तुमच्या नेटवर्कची ओळख, बीजीपीमध्ये, म्हणजे नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात त्या भाषेत, बाकीचे नेटवर्क तुम्हाला त्याच नावानं ओळखतात. तोही रजिस्ट्रीच देते, आणि तो मागताना तुम्ही एकापेक्षा जास्त नेटवर्कशी जोडलेले आहात किंवा लवकरच जोडणार आहात हे दाखवावं लागतं. दोन अपस्ट्रीम, किंवा एक अपस्ट्रीम आणि मुंबईच्या निक्सीसारखं एक्सचेंज, असं काहीतरी.

चूक इथे क्रमाची होते. लोक आधी ब्लॉकचा अर्ज टाकतात, मग अपस्ट्रीमशी बोलायला जातात, आणि तेव्हा कळतं की आपण घेतलेल्या प्लॅनवर तो बीजीपी देतच नाही. त्यामुळे अर्जाच्या आधीच दोन्ही अपस्ट्रीमला लेखी विचारा, बीजीपी सेशन देणार का, आमचा स्वतःचा ब्लॉक पुढे पाठवणार का, त्यासाठी फिल्टर कसा अपडेट करता. याची उत्तरं मेलवर घ्या, तोंडी हो म्हणणारा सेल्सवाला दोन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत असतो.

एएस नंबर आणि आयपीव्ही४ दोन्हीचे अर्ज एकत्रच टाका. आणि त्याच वेळी आयपीव्ही६ पण मागून घ्या. प्रोव्हायडरला त्याचा /32 मिळतो, तो इतका मोठा असतो की त्यातून ६५,५३६ गिऱ्हाइकांना प्रत्येकी /48 देता येतो आणि एवढ्यात संपायची भीती नाही. "आम्हाला सध्या नको" म्हणून सोडून देणारे बरेच आहेत, पण जेवढा ट्रॅफिक आयपीव्ही६ वरून जाईल तेवढा तुमचा सीजीनॅट हलका होतो, बऱ्याच मोठ्या व्हिडिओ साइट आणि सोशल मीडिया आयपीव्ही६ वर आहेत. जिओनं सुरुवातीपासून हेच केलं.

## पायरी ४: कागदपत्रं आणि अर्ज

कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, आयएसपी असाल तर लायसन्सची कॉपी, सही करणाऱ्याचं ओळखपत्र आणि कंपनीनं त्याला अधिकार दिल्याचं पत्र. त्याच्याबरोबर नेटवर्कचं चित्र, वरचा हिशोब आणि अपस्ट्रीमचे करार किंवा बिलं. रजिस्ट्रीची यादी अधूनमधून बदलते, त्यामुळे अर्जाच्या दिवशी पोर्टलवर एकदा ताडून बघा.

हे वाचायला सोपं वाटतं पण अडकतं ते नावावर. लायसन्सवर "प्रायव्हेट लिमिटेड" पूर्ण लिहिलंय, जीएसटीवर छोटं रूप आहे, लाइनचं बिल मालकाच्या भावाच्या नावावर आहे, मग रजिस्ट्रीवाले विचारणारच की नेटवर्क नक्की कुणाचं? सगळ्या कागदांवर एकच नाव आणि एकच पत्ता आहे का ते अर्जाआधी बघा. नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, नंतर प्रश्नोत्तरांत जास्त वेळ जातो.

संपर्काचा ईमेल म्हणून कुणा एका माणसाचा वैयक्तिक आयडी देऊ नका. तो सोडून गेला की पोर्टलचा पासवर्ड, नूतनीकरणाची आठवण, सगळं त्याच्याबरोबर जातं. कंपनीच्या डोमेनवर एक सामायिक आयडी करा आणि तो निदान दोघांना दिसू दे.

रजिस्ट्रीकडून प्रश्न आले तर घाबरू नका आणि चिडू पण नका. प्रश्न येणं म्हणजे अर्ज नाकारणं नाही, उलट कुणीतरी वाचतंय. "सीजीनॅट पूल १६० चा का?" असं विचारलं तर पायरी २ चं गणित तसंच्या तसं पाठवा. "भविष्यात वाढ होईल" असलं वाक्य हे उत्तर होत नाही.

सावधान: एकाच धंद्यासाठी भावाच्या नावानं दुसरी कंपनी काढायची आणि अजून ५१२ घ्यायचे, हा सल्ला बाजारात फिरतो. खोटी माहिती देऊन घेतलेला ब्लॉक रजिस्ट्री परत काढून घेऊ शकते, आणि तोपर्यंत तुमची दोन हजार घरं त्याच्यावर बसलेली असतील.

## पायरी ५: ब्लॉक मिळाला, आता राउटरला हात लावू नका

मंजुरीचा मेल आला की सगळ्यांचे हात शिवशिवतात. थांबा. आधी व्हूइजमध्ये, म्हणजे रजिस्ट्रीच्या जाहीर नोंदवहीत, नोंद नीट पडलीय का ते तुमच्या ब्लॉकचा पत्ता टाकून बघा:

```
whois -h whois.apnic.net 198.18.0.0
```

यात तुमचं नाव, देश आणि तक्रारीसाठीचा ईमेल बरोबर दिसला पाहिजे. चुकलेला असेल तर तो आत्ताच सुधारून घ्या.

मग येतो रोआ. हा रजिस्ट्रीच्या पोर्टलवर तयार करायचा सही केलेला दाखला आहे, त्यात लिहिलेलं असतं की हा ब्लॉक या एएस नंबरवरून निघू शकतो आणि तो जास्तीत जास्त किती बारीक तुकड्यात निघू शकतो. जगातले बरेच मोठे नेटवर्क आता हा दाखला तपासतात. दाखला नसेल तर बहुतेक जण तुमचा रूट घेतात. दाखला आहे आणि तुमची अनाउन्समेंट त्याच्याशी जुळत नाही, तर मात्र सरळ फेकून देतात. म्हणजे चुकीचा रोआ हा रोआ नसण्यापेक्षा वाईट.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक अशी असते. रोआ केला /23 चा, कमाल लांबी ठेवली २३. मग ट्रॅफिक दोन लाइनींवर वाटायला राउटरवरून दोन वेगवेगळे /24 सोडले. दोन्ही /24 दाखल्यात बसत नाहीत, दोन्ही बाद. आमच्याकडे हेच झालं होतं. गंमत म्हणजे लाइन बंद पडत नाही, काही साइट उघडतात आणि काही नाही, कारण काही नेटवर्क तपासतात आणि काही तपासत नाहीत. तीन दिवस आम्ही डीएनएसला शिव्या देत बसलो होतो.

तर आधी ठरवा की काय काय सोडणार, आणि बरोबर तेवढंच रोआत लिहा. /23 आणि दोन्ही /24 सोडणार असाल तर तीन ओळी:

```
198.18.0.0/23   AS64500   max 23
198.18.0.0/24   AS64500   max 24
198.18.1.0/24   AS64500   max 24
```

एकच ओळ लिहून कमाल लांबी २४ केली तरी चालतं, पण मग तुम्ही न सोडलेला /24 दुसरा कुणी तुमचा एएस नंबर पुढे लावून सोडू शकतो आणि तो दाखल्यात बसतो. म्हणून वेगळ्या ओळी बऱ्या. आणि २८, ३२ असलं काही टाकू नका, /24 पेक्षा बारीक तुकडा इंटरनेटवर जवळपास कुणी स्वीकारत नाही. /25 करून अर्धा एका अपस्ट्रीमवर आणि अर्धा दुसऱ्यावर ही आयडिया त्यामुळेच चालत नाही.

रोआबरोबर रूट ऑब्जेक्ट पण करा. तो रजिस्ट्रीच्या डेटाबेसमधली साधी नोंद असते, पण अपस्ट्रीमचे फिल्टर बऱ्याचदा तिच्यावरूनच बनतात, आणि ते दिवसातून एकदाच ताजे होणारे असू शकतात. म्हणून नोंद करून निदान एक दिवस जाऊ द्या.

तपासा: तुमच्या ब्लॉकवर दुसऱ्या कुणाचा जुना रूट ऑब्जेक्ट दुसऱ्या एखाद्या डेटाबेसमध्ये पडलेला आहे का? पूर्वी वापरून परत आलेल्या पत्त्यांमध्ये आणि विकत घेतलेल्या ब्लॉकमध्ये हे सापडतं.

## पायरी ६: अनाउन्समेंट, एका वेळी एक

आता राउटर. आधी फक्त एकाच अपस्ट्रीमवर, फक्त /23 सोडा. ब्लॉकमधला एक पत्ता राउटरच्या लूपबॅकवर द्या म्हणजे बाहेरून पिंग करता येईल. मग बाहेरच्या लुकिंग ग्लासवरून, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कच्या राउटरला काय दिसतंय ते दाखवणाऱ्या साइटवरून, बघा, आपल्या गावच्या मोबाइलवरून नको, तो कदाचित त्याच अपस्ट्रीममधून जात असेल. मुंबई, सिंगापूर, युरोप, असे तीन-चार ठिकाणचे घ्या. राइप स्टॅट या साइटवर ब्लॉक टाकला की किती ठिकाणांहून दिसतोय आणि दाखला जुळतोय का हे दोन्ही कळतं.

अर्ध्या ठिकाणी दिसतोय आणि अर्ध्या ठिकाणी नाही, असं असेल तर बहुतेक रोआ चुकलाय. कुठेच दिसत नाही, फक्त अपस्ट्रीमच्या आत दिसतो, तर त्यांच्या फिल्टरमध्ये तुमचं नाव आलेलं नाही, त्यांना फोन करा. सगळीकडे दिसतो पण पिंग होत नाही, तर गडबड तुमच्याकडेच आहे, परतीचा रूट किंवा फायरवॉल.

हे साफ झालं की दुसरा अपस्ट्रीम, मग /24 चे तुकडे. शेवटी पहिली लाइन मुद्दाम काढून बघा, ट्रॅफिक दुसऱ्यावर गेला का. ही चाचणी रात्री दोनला करा आणि एका घरातला माणूस जागा ठेवा, म्हणजे आम्ही तरी असंच करतो.

## पायरी ७: गिऱ्हाईक हलवण्याआधी

रिव्हर्स डीएनएस, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, लावा, निदान सर्व्हरच्या तुकड्याला, नाहीतर तुमचे मेल समोरचे सर्व्हर घेणार नाहीत. मग लोकेशन. नवीन ब्लॉक पुष्कळदा दुसऱ्याच देशात दिसतो आणि मग लोकांची तक्रार येते की सिनेमाचं ॲप म्हणतंय "तुमच्या देशात उपलब्ध नाही". लोकेशनचा डेटा ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे दुरुस्तीचे फॉर्म असतात, ते भरून ठेवा, बदल दिसायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून आधी ५० घरं हलवा, आठवडाभर तक्रारी ऐका, मग बाकीची.

## ५१२ पण कमी पडले तर

मग बाजार. दुसऱ्या कंपनीकडून पत्ते घेता येतात, पण त्याची नोंद रजिस्ट्रीत बदलावी लागते, आणि घेणाऱ्यालाही वापराचा आराखडा द्यावा लागतो. सर्वांत छोटा सौदा /24 चा. पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. व्हूइजमधलं नाव विकणाऱ्याचंच आहे का, मधल्या दलालाचं नको. ब्लॉक 103 चा असेल तर तो मिळून पाच वर्षं झालीत का, कारण एपनिकच्या त्या साठ्यातून दिलेला ब्लॉक पाच वर्षं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आणि तो स्पॅमच्या काळ्या याद्यांत आहे का. स्वस्तात मिळालेला ब्लॉक साफ करण्यात सहा महिने घालवणारे लोक मला माहीत आहेत, त्यांना कुणी विचारलं नाही की तो इतका स्वस्त का होता.

नुसत्या करारावर, नोंद न बदलता घेतलेले पत्ते तुमचे होत नाहीत. रजिस्ट्रीच्या लेखी जुनाच धनी, रोआ तोच करू शकतो आणि तोच काढू पण शकतो.

शेवटचं, कॅलेंडरमध्ये दोन आठवणी टाका. एक वार्षिक फीची, ती थकली की ब्लॉक परत घेतला जाऊ शकतो. दुसरी तक्रारीच्या ईमेलची, एपनिक दर सहा महिन्यांनी तो आयडी जिवंत आहे का हे तपासणारा मेल पाठवते, त्यातल्या लिंकवर जाऊन खात्री द्यावी लागते, आणि तो मेल बऱ्याच जणांच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडलेला असतो.